कुणीच श्रेय न घेतलेल्या ऑर्डरी

ऑनलाइन दुकान चालवणाऱ्याला दर सोमवारी तीन आकडे दिसतात. पहिला त्याच्या स्वतःच्या दुकानाचा: गेल्या आठवड्यात एकूण ऑर्डरी किती आल्या. दुसरा मेटाचा, म्हणजे त्यांपैकी किती ऑर्डरी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातींमुळे आल्या. तिसरा गूगलचा. पहिल्या आकड्यातून बाकीचे दोन वजा केले की बहुधा काही ऑर्डरी शिल्लक राहतात. त्यांचे श्रेय कुठल्याच जाहिरात कंपनीने घेतलेले नसते.

ही शिल्लक सहसा ‘आपोआप आलेल्या’ म्हणून बाजूला सारली जाते आणि सगळी चर्चा जाहिरातीच्या एका रुपयामागे किती विक्री झाली याभोवती फिरते. तो हिशेब मात्र जाहिरात कंपनीने स्वतः सांगितलेल्या आकड्यावर उभा असतो. शिल्लक ऑर्डरींचे एकूण ऑर्डरींशी प्रमाण दर आठवड्याला वेगळ्या रकान्यात लिहिले, तर कंपन्यांचे आकडे कितपत खरे आहेत हे तपासण्याचे एक साधन दुकानदाराच्या हाती येते. या प्रमाणाला बिनश्रेयाचा वाटा म्हणता येईल. एकूण ऑर्डरी ४०० आणि दोन्ही कंपन्यांचा मिळून दावा ३२० ऑर्डरींचा असेल, तर ८० उरतात. म्हणजे बिनश्रेयाचा वाटा २० टक्के.

हा आकडा वाचण्याआधी श्रेय कसे दिले जाते ते पाहायला हवे. मेटाच्या नेहमीच्या मांडणीत, जाहिरातीवर क्लिक केल्यापासून ७ दिवसांत किंवा जाहिरात नुसती नजरेखालून गेल्यापासून १ दिवसात खरेदी झाली, तर ती जाहिरातीच्या खात्यावर जमा होते. गूगलमध्ये क्लिकनंतरची मुदत सहसा ३० दिवसांची असते. दोन्ही मुदती दुकानदाराला बदलता येतात. एखाद्या ग्राहकाने सोमवारी इन्स्टाग्रामवर जाहिरात उघडली, गुरुवारी गूगलवर दुकानाचे नाव शोधले, वर दिसलेल्या जाहिरातीवर क्लिक केले आणि खरेदी केली, तर ती एकच ऑर्डर दोन्ही कंपन्या आपापल्या खात्यात धरतात. एका लग्नाचे श्रेय मुलीची आत्या आणि मुलाचा मामा या दोघांनीही घ्यावे, तसे हे होते. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी खोटे नसते, पण लग्न एकच झालेले असते.

त्यामुळे ‘एकूण वजा दावे’ हा फरक दिसतो तितका सरळ नाही. त्यात दोन उलट गोष्टी एकमेकींना खाऊन टाकतात: कुणाच्याच खात्यात नसलेल्या ऑर्डरी आणि दोघांच्या खात्यात धरलेल्या ऑर्डरी. दुसऱ्या प्रकारच्या फार वाढल्या, तर बिनश्रेयाचा वाटा शून्याच्याही खाली जातो. कंपन्यांनी दावा केलेल्या ऑर्डरी दुकानात आलेल्या ऑर्डरींपेक्षा जास्त भरतात.

समजण्यासाठी घरगुती मसाले विकणारे पुण्यातले एक काल्पनिक दुकान धरू. आठवड्याला सुमारे ४०० ऑर्डरी, त्यांत मेटाचा दावा १८० आणि गूगलचा १४०. आठ-दहा आठवडे बिनश्रेयाचा वाटा १८ ते २३ टक्क्यांच्या पट्ट्यात राहतो. मालकीणबाईंनी आणखी एक काम केले आहे. ग्राहक जाहिरातीवरून साइटवर येतो तेव्हा दुव्याच्या शेवटी कंपनीने जोडलेली खूण असते, मेटाची `fbclid` आणि गूगलची `gclid`. ती खूण त्यांनी ऑर्डरीबरोबर जपून ठेवायला सुरुवात केली. आता कंपन्या काय म्हणतात ते बाजूला ठेवून दुकानाला स्वतःच्या वहीत पाहता येते. मेटाची खूण १३० ऑर्डरींवर सापडते, गूगलची १३५ वर, आणि दोन्ही खुणा ३५ ऑर्डरींवर. म्हणजे निदान एक तरी खूण असलेल्या ऑर्डरी २३० झाल्या. उरलेल्या १७० ऑर्डरींवर, म्हणजे साडेबेचाळीस टक्क्यांवर, कुठल्याही क्लिकचा माग नाही.

वजाबाकीने २० टक्के दाखवले आणि खुणांनी साडेबेचाळीस. मधल्या ९० ऑर्डरींमध्ये दुहेरी मोजलेल्या आहेत, नुसत्या पाहिलेल्या जाहिरातीला दिलेले श्रेय आहे, आणि फोन नंबर किंवा ईमेल जुळवून कंपनीने ओळखलेल्या ऑर्डरीही आहेत. दोन्ही आकडे उपयोगाचे आहेत, पण ते एकाच रकान्यात मिसळले तर दोन्हींचा उपयोग संपतो. पहिल्यातून कंपन्यांच्या दाव्यांची चाल कळते. दुसऱ्यातून दुकानाला स्वतःला किती दिसते ते कळते.

या वाट्याची नुसती पातळी फारसे बोलत नाही. २० टक्के चांगले की वाईट, याला उत्तर नाही. मसाल्याच्या दुकानात जुने ग्राहक थेट साइटचे नाव टाकून येतात, म्हणून तिथे हा वाटा मोठा असतो. नव्याने सुरू झालेल्या, फक्त जाहिरातींवर चालणाऱ्या दुकानात तो लहान असतो. अर्थ निघतो तो बदलातून, आणि तोही एकूण ऑर्डरींचा आकडा शेजारी ठेवल्यावरच. एकूण ऑर्डरी तेवढ्याच राहिल्या आणि वाटा अचानक वाढला, तर आधी संशय मोजणीवर घ्यावा. एकूण वाढल्या आणि त्याबरोबर वाटाही वाढला, तर जाहिरात कंपन्यांना न दिसणाऱ्या वाटेने ग्राहक येत आहेत. एकूण तेवढ्याच असताना वाटा घटला, तर कंपन्या पूर्वीपेक्षा जास्त श्रेय घेऊ लागल्या आहेत.

पहिल्या प्रकाराचे सगळ्यात मोठे उदाहरण २०२१ मध्ये जगभर घडले. त्या वर्षी २६ एप्रिलला अ‍ॅपलने आयफोनसाठी आयओएस १४.५ ही आवृत्ती आणली. दुसऱ्या कंपन्यांच्या अ‍ॅप आणि साइटवर माग काढू द्यायचा का, हे प्रत्येक अ‍ॅपला आता वापरणाऱ्यालाच विचारावे लागले, आणि पुष्कळांनी नाही म्हटले. त्याच वर्षी मेटाने क्लिकनंतरची आपली नेहमीची मुदत २८ दिवसांवरून ७ दिवसांवर आणली. या दोन बदलांनी दावे खाली आले, पण दावा कमी झाला म्हणजे तेवढे ग्राहक गेले असे नव्हते. सप्टेंबर २०२१ मध्ये मेटानेच जाहीर केले, की आयफोनवरून वेबसाइटवर होणाऱ्या खरेदीसारख्या नोंदी एकंदरीत सुमारे १५ टक्क्यांनी कमी दाखवल्या जात आहेत असा कंपनीचा अंदाज आहे. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये, अ‍ॅपलच्या या बदलामुळे त्या वर्षीच्या उत्पन्नावर सुमारे १० अब्ज डॉलरचा परिणाम होईल, असे मेटाच्या वित्तप्रमुखांनी सांगितले.

ज्याच्यासमोर फक्त मेटाचा आकडा होता, त्याला त्या उन्हाळ्यात जाहिरात निकामी झाल्यासारखी दिसली असणार. एकूण ऑर्डरी आणि बिनश्रेयाचा वाटा शेजारी-शेजारी लिहिणाऱ्याला वेगळे चित्र दिसू शकत होते: दावा जितका घटला तितक्या एकूण ऑर्डरी घटल्या नसतील, तर मधला फरक या रकान्यात येऊन साठला असणार. जाहिरात लगेच बंद करायची की आधी मोजणी दुरुस्त करायची, हा निर्णय त्या फरकावर ठरतो.

अशी बिघाडाची वेळ छोट्या दुकानावर कशी येते, ते मसाल्यांच्या दुकानातच पाहू. एका आठवड्यात एकूण ऑर्डरी ४१० आल्या, पण दोन्ही कंपन्यांचा मिळून दावा २४६ वर आला. बिनश्रेयाचा वाटा एकदम ४० टक्के. जाहिरातीचा खर्च तेवढाच होता. विक्री पडली नव्हती, म्हणजे शोध मोजणीतच घ्यायचा होता.

मालकीणबाईंनी दुकानाच्या यादीतले ऑर्डर क्रमांक आणि गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये पोहोचलेले ऑर्डर क्रमांक शेजारी ठेवले. एरवी ४०० पैकी ३७० तिथे पोहोचत असत. या वेळी ४१० पैकी २८५ च पोहोचले होते. न पोहोचलेल्या १२५ ऑर्डरी त्यांनी पैसे कसे भरले त्यानुसार वेगळ्या केल्या. त्यांतल्या ११० मोबाइलवरून यूपीआयने पैसे भरलेल्या निघाल्या. कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी जवळपास सगळ्या पोहोचल्या होत्या. त्याच आठवड्यात पैसे भरण्याचे पान बदलले होते, आणि यूपीआय निवडले की ग्राहकाच्या फोनमधले पैसे भरण्याचे अ‍ॅप थेट उघडू लागले होते. ग्राहक तिथे पिन टाकतो, पैसे गेल्याचा हिरवा टिक पाहतो आणि फोन खिशात ठेवतो. ब्राउझरमधल्या ‘धन्यवाद’च्या पानावर तो परत येतच नाही. मेटा आणि गूगल या दोघांनाही खरेदीची बातमी देणारा कोड नेमका त्याच पानावर बसवलेला होता. पैसे मिळाल्याचे बँकेकडून दुकानाला कळत होते, पार्सल निघत होते, फक्त जाहिरात कंपन्यांना त्याचा पत्ता नव्हता.

यावर उपाय म्हणजे ही बातमी ब्राउझरच्या भरवशावर न सोडता, पैसे मिळाल्याची खात्री झाली की दुकानाच्या सर्व्हरवरून पाठवणे. मेटाकडे यासाठी कन्व्हर्जन्स एपीआय नावाची सोय आहे. दुकानाने ती बसवली आणि पुढच्या आठवड्यात वाटा ४ टक्क्यांवर आला: ४०५ ऑर्डरी आणि ३८९ चा दावा.

पाहताना आनंद व्हावा असा हा आकडा होता, पण पट्टा १८ ते २३ चा असताना ४ टक्के हाही तितकाच संशयास्पद. मेटाचा दावा एरवीच्या १८० ऐवजी २४७ झाला होता. कॅश ऑन डिलिव्हरीचा ग्राहक ‘धन्यवाद’च्या पानावर पोहोचत होता, म्हणजे त्याची ऑर्डर ब्राउझर कळवत होता आणि आता सर्व्हरही. अशा दोन बातम्या एकाच खरेदीच्या आहेत हे मेटाला कळावे म्हणून दोन्हींसोबत एकच `event_id` द्यावा लागतो. इथे ब्राउझर नुसता ऑर्डर क्रमांक पाठवत होता आणि सर्व्हर त्याच क्रमांकाआधी दुकानाची दोन अक्षरे जोडत होता. मेटाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या खरेद्या ठरल्या. क्रमांक सारखे केल्यावर वाटा पुन्हा १९ ते २० टक्क्यांवर स्थिरावला. आधीचा बिघाड आणि नंतरची चुकीची दुरुस्ती, दोन्ही गोष्टी याच एका रकान्याने पकडल्या. मेटाच्या पडद्यावर पहिला आठवडा अपयशाचा आणि दुसरा घवघवीत यशाचा दिसला असता.

रकाना असा भरवशाचा ठेवायचा तर काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्या लागतात. पहिली, ऑर्डर म्हणजे काय. जाहिरात कंपनीला ऑर्डर नोंदवल्याचे कळते, पार्सल घराच्या दारातून परत आल्याचे कळत नाही. कॅश ऑन डिलिव्हरीत परत येणारी पार्सले पुष्कळ असतात. दुकानाच्या बाजूने फक्त पोहोचलेल्या ऑर्डरी आणि कंपन्यांच्या बाजूने नोंदवलेल्या सगळ्या, असे वजा केले तर वाटा उगाचच लहान दिसतो. म्हणून दोन्हीकडे नोंदवलेल्या ऑर्डरीच धराव्यात आणि परत आलेल्यांचा हिशेब स्वतंत्र ठेवावा.

दुसरी गोष्ट तारखेची. गूगल अ‍ॅड्सच्या नेहमीच्या रकान्यात खरेदीची नोंद क्लिकच्या तारखेला होते. २ तारखेला क्लिक आणि ९ तारखेला खरेदी झाली, तर ती ऑर्डर मागे जाऊन २ तारखेत जमा होते. त्यामुळे ताजा आठवडा नेहमीच भुकेला दिसतो आणि जुने आठवडे हळूहळू भरत जातात. `Conversions (by conv. time)` हा रकाना निवडला की नोंद खरेदीच्या तारखेला येते आणि दुकानाच्या वहीशी तुलना करता येते. जाहिरातीचे खाते उघडताना भलत्याच देशाची वेळ निवडली गेली असेल, तर रात्रीच्या ऑर्डरी एका दिवसातून दुसऱ्या दिवसात सरकतात. म्हणून रोजचा वाटा पाहण्यात अर्थ नाही. आठवडा हे योग्य माप आहे, आणि तोही संपल्यावर काही दिवस थांबून मोजलेला बरा.

तिसरी गोष्ट नवे आणि जुने ग्राहक वेगळे करण्याची. महिन्याला गोडा मसाला मागवणारी जुनी गिऱ्हाइके जाहिरातीशिवायही येतात. ती वाढली की बिनश्रेयाचा वाटा वाढतो, आणि त्यात बिघाड काहीच नसतो. नव्या ग्राहकांपुरता वाटा वेगळा काढला की ही गल्लत टळते. याच नव्या ग्राहकांना ऑर्डर दिल्यावर ‘आमच्याबद्दल कुठे कळले?’ एवढा एकच प्रश्न विचारला, तर शिल्लक ऑर्डरींच्या मागे काय आहे त्याचा अंदाज येतो: सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, नणंदेने दिलेली पुडी, वर्तमानपत्रातला लेख. लोकांची आठवण कच्ची असते, त्यामुळे या उत्तरांवरून अचूक टक्के काढता येत नाहीत. पण एका आठवड्यात अचानक चाळीस जणांनी एकाच रेसिपीच्या व्हिडिओचे नाव घेतले, तर त्या आठवड्यात वाटा का वाढला याला आणखी पुरावा लागत नाही.

बिनश्रेयाची ऑर्डर म्हणजे जाहिरातीविना फुकट मिळालेली ऑर्डर, असा अर्थ मात्र काढू नये. एखादी बाई इन्स्टाग्रामवर जाहिरात पाहते, बहिणीला नाव सांगते, आणि बहीण दहा दिवसांनी लॅपटॉपवर नाव टाकून मसाला मागवते. जाहिरातीने काम केले, पण माग कुठेच राहिला नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्या ऑर्डरीवर कंपनीने दावा केला, ती जाहिरात नसती तरी आलीच असती, असेही पुष्कळदा होते.

ही उलट बाजू ईबेने २०१२ मध्ये तपासून पाहिली. ‘ईबे’ हे नाव शोधणाऱ्यांना दाखवल्या जाणाऱ्या आपल्या जाहिराती कंपनीने याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांवर बंद केल्या. थॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात मांडला. जाहिरात बंद झाल्यावर त्यावरून येणाऱ्यांपैकी ९९.५ टक्के लोक त्याच पानावरच्या साध्या, बिनपैशाच्या दुव्यावरून ईबेवर पोहोचले. नाव टाकून शोधणारा माणूस कुठे जायचे ते आधीच ठरवून आलेला होता.

मसाल्यांच्या दुकानाला हीच चाचणी लहान प्रमाणात करता येते. स्वतःच्या नावावरची गूगल जाहिरात तीन आठवडे फक्त विदर्भ आणि मराठवाड्यात बंद ठेवायची, बाकी महाराष्ट्रात चालू. ऑर्डरीवर पिन कोड असतोच, त्यामुळे भाग वेगळा काढणे सोपे आहे. समजा, त्या भागातून आठवड्याला ९० ऑर्डरी येत होत्या, त्यांत मेटाचा दावा ४० चा आणि गूगलचा ३२ चा. बिनश्रेयाचा वाटा २० टक्के. जाहिरात बंद केल्यावर गूगलचा दावा २० वर आला, मेटाचा तेवढाच राहिला आणि एकूण ऑर्डरी सरासरी ८८ झाल्या. वाटा ३२ टक्क्यांच्या आसपास गेला, आणि उरलेल्या महाराष्ट्रात तो जागचा हलला नाही. गूगलच्या खात्यातून दर आठवड्याला १२ ऑर्डरी गेल्या. त्या खरोखर जाहिरातीमुळेच येत असत्या, तर तीन आठवड्यांत ३६ ऑर्डरींची तूट दिसायला हवी होती. प्रत्यक्षात ६ ची दिसली, आणि तेवढा चढउतार या दुकानात एरवीही होतो. म्हणजे बहुतेक ऑर्डरी गेल्या नाहीत. त्या दाव्याच्या रकान्यातून बिनश्रेयाच्या रकान्यात सरकल्या.

या निकालाला मर्यादा आहेत. ऑर्डरींची संख्या लहान असल्यामुळे तीन आठवड्यांपेक्षा लवकर काही ठरवता येत नाही. दिवाळीच्या आधीच्या दिवसांत अशी चाचणी घेतली तर फराळाच्या गर्दीत फरक बुडून जातो, म्हणून ती सण नसलेल्या काळात घ्यावी लागते. शिवाय उद्या दुसऱ्या मसालेवाल्याने याच दुकानाच्या नावावर जाहिरात सुरू केली, तर नाव शोधणारे ग्राहक तिकडे वळू शकतात आणि आजचा निष्कर्ष तेव्हा लागू राहत नाही. अशा वेळी चाचणी पुन्हा घ्यावी लागते.

दुकानाने सध्या नावावरच्या जाहिरातीचा खर्च निम्म्यावर आणला आहे. वाचलेले पैसे ‘गोडा मसाला’, ‘कांदा लसूण मसाला’ असे शब्द शोधणाऱ्या, दुकानाचे नाव माहीत नसलेल्या लोकांवर लावले आहेत. तक्त्यात प्रत्येक आठवड्यासमोर आता पाच गोष्टी लिहिल्या जातात: एकूण ऑर्डरी, दोन्ही कंपन्यांचे दावे, दाव्यांवरून निघणारा बिनश्रेयाचा वाटा, खुणांवरून निघणारा वाटा, आणि त्या आठवड्यात काय बदलले त्याची एक ओळ. नावावरची जाहिरात कमी केल्यामुळे नेहमीचा पट्टा वर सरकणार हे मालकीणबाईंना माहीत आहे. म्हणून त्यांनी जुना १८ ते २३ चा पट्टा रद्द केला आहे, आणि नवा ठरवण्यापूर्वी आठ आठवड्यांचे आकडे जमू देणार आहेत.